पूर ओसरताना तालुक्याहून जिल्ह्याला पाठवायचा तातडीचा अहवाल

तातडीचा अहवाल म्हणजे पंचनामा नव्हे. पंचनामा भरपाईसाठी असतो आणि तो घर, शेत, जनावर असा एकेक मोजत चालतो. तातडीच्या अहवालावरून जिल्हाधिकारी कार्यालयाने उद्या सकाळी काय पाठवायचे ते ठरते. त्यामुळे तो पहिल्या एक-दोन दिवसांत जायला हवा, आकडे अंदाजे असले तरी चालेल.

सुरुवातीला तारीख आणि वेळ लिहा, सोबत जवळच्या मोजपट्टीवरची पाणीपातळी आणि ती चढती आहे की उतरती. वेळ नसलेला आकडा संध्याकाळपर्यंत निरुपयोगी होतो.

मग गावांची यादी करा, सगळ्या गावांची. इथे हमखास घोटाळा होतो. संपर्क तुटलेल्या गावाचा रकाना कोरा राहतो, पुढे कोणीतरी तो ‘निरंक’ धरतो आणि सर्वांत वाईट अवस्थेतले गाव कागदावर सुखरूप ठरते. ऑगस्ट 2019 मध्ये शिरोळ तालुक्यातली अनेक गावे पाण्याने वेढली होती. अशा गावापुढे ‘संपर्क नाही’ असे लिहा आणि शेवटचे बोलणे कधी झाले तेही नोंदवा. बाकी आकड्यांपुढे प्रत्यक्ष पाहिले, फोनवर कळले की अंदाज, एवढे एका शब्दात पुरे.

आता गरज काढायची. समजा, गावाची वस्ती 4,000. त्यातली 1,400 माणसे घराबाहेर, 600 शाळेत आणि 800 गावातच नातेवाइकांकडे. तलाठ्याच्या आणि शाळेच्या यादीत तीच कुटुंबे असू शकतात, म्हणून बेरजेआधी कुटुंबप्रमुखांची नावे ताडून पाहा. तयार जेवण मुख्यतः शाळेतल्या 600 जणांना लागेल. पाण्याचा हिशोब मात्र वेगळा. गावाच्या नळाला नदीचे पाणी उपसून देणाऱ्या जॅकवेलवरचा पंप बुडाला असेल, तर ज्यांच्या घरात थेंबही शिरला नाही त्यांचाही नळ कोरडाच. माणशी दिवसाला 15 लिटर धरले तर 60,000 लिटर, म्हणजे 10,000 लिटरच्या टँकरच्या सहा खेपा. पूल बंद असल्याने वळसा घालून एका खेपेला तीन तास लागत असतील, तर एका टँकरचे अठरा तास होतात. म्हणून मागणी दोन टँकरची करा, आणि रस्ता कोणता खुला आहे तेही त्याच ओळीत द्या. गोठ्यातली जनावरे यात धरलेली नाहीत. एका मोठ्या जनावराला साधारण 40 ते 50 लिटर लागते, ते वेगळे मोजा.

‘पाणीटंचाई तीव्र, मदत अपेक्षित’ या वाक्यावर कोणताही अधिकारी टँकर सोडू शकत नाही. किती, कुठे, कधीपर्यंत आणि तिथे ताब्यात कोण घेणार, हे लिहा. पंप कधी सुरू होईल याचा पाणीपुरवठा अभियंत्याचा अंदाजही जोडा, कारण टँकर किती दिवस ठेवायचे ते त्यावर ठरते.

अहवाल दोन पानांच्या आत ठेवा, मागण्या पहिल्याच पानावर. शेवटी पुढचा अहवाल किती वाजता येईल ते सांगा. त्यात एखादा आकडा बदलला, तर आधीचा आकडा आणि बदलाचे कारण शेजारी लिहा. नाहीतर जिल्ह्यात दोन्हींची बेरीज होते.