वित्त आयोगाचे पैसे मोजताना या चुका टाळा

ग्रामसभेत अंदाजपत्रकाचं वाचन झालं की पारावर हिशेब सुरू होतो: "आयोगाचे अठरा लाख आले, कामं नऊ लाखांची. बाकीचे नऊ कुठं गेले?" प्रश्न रास्त आहे, पण त्यातला "आले" हा शब्दच बहुतेक वेळा चुकीचा असतो.

अंदाजपत्रक म्हणजे नमुना १. त्यात येणाऱ्या वर्षाचा अंदाज असतो, जमा झालेली रक्कम नसते. समजा, मराठवाड्यातल्या एका गावाला पंधराव्या वित्त आयोगातून वर्षाला १० लाख मिळायचे आहेत आणि मागची शिल्लक ८ लाख आहे. नमुना १ मध्ये बेरीज १८ दिसणार. प्रत्यक्षात वर्षभरात ५ लाखांचा एकच हप्ता आला, तोही कदाचित आदल्या वर्षाचा. म्हणजे हातात १३ लाख. त्यातले ९ खर्च झाले, तर बँकेत ४ असायला हवेत. उरलेले ५ कुणी खाल्ले नाहीत, ते आलेच नाहीत. म्हणून नमुना १ सोबत नमुना ३ (वर्षाचा जमा-खर्च) आणि बँकेचं पासबुक मागा. हप्ता जमा झाल्याची नोंद egramswaraj.gov.in वर जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडूनही सापडते.

दुसरी चूक जास्त नडते: सगळा निधी एकच समजणं. २०२१-२२ पासून या अनुदानातला ४० टक्के भाग अबंधित आणि ६० टक्के बंधित होता. बंधितातला निम्मा स्वच्छतेला, निम्मा पिण्याच्या पाण्याला. अबंधितातून गावाच्या गरजेची कामं करता येतात, पगार आणि आस्थापना खर्च मात्र नाही.

"पाण्याचे पैसे नालीत घातले" ही तक्रार त्यामुळे लगेच करू नका. सांडपाण्याची नाली स्वच्छतेच्या वाट्यातून होऊ शकते. सिमेंट रस्त्याचं मात्र तसं नाही, त्याला अबंधितच लागतो.

आता वरचाच हिशेब पुढे नेऊ. शिल्लकही ४०-६० प्रमाणातच होती असं धरलं, तर १३ लाखांत अबंधित ५.२० आणि बंधित ७.८० लाख. खर्च काय, तर रस्ता ६.५० आणि नाली २.५०. नालीचे वजा करता बंधितातले ५.३० लाख शिल्लक दिसायला हवेत. बँकेत तर ४ च आहेत! १.३० लाख बंधित निधी रस्त्यावर गेला. एकूण बेरीज तंतोतंत जुळते, म्हणून नुसता जमा-खर्च पाहून हे कळत नाही. खरं प्रमाण वेगळं असू शकतं, तेव्हा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांकडे, आरंभीच्या शिल्लकेची बंधित-अबंधित फोड लेखी मागा आणि मग हाच हिशेब पुन्हा मांडा. फरक उरलाच, तर रस्त्याचं व्हाऊचर कोणत्या शीर्षाखाली टाकलंय ते पोर्टलवर बघा आणि त्याच्या नंबरासह ग्रामसभेत विचारा.