क्लिपर-क्लॅम्परचा वेव्हफॉर्म काढताना या चुका टाळा

सिंहगड रोडला माझ्याकडे सेकंड इयरची मुलं शिकायला येतात, आणि दर सेमिस्टरला क्लिपर-क्लॅम्परच्या गणितात तीच गंमत होते, सर्किटमध्ये ३ व्होल्टची बॅटरी दिसली की लगेच साइन वेव्ह +३ ला वरून कापून मोकळे. डायोडचं तोंड कुठं आहे ते बघतच नाहीत.

एकच सर्किट घेऊ. इनपुट १० व्होल्ट पीकची साइन, १ किलोहर्ट्झ. सिरीजमध्ये रेझिस्टर, पुढे आउटपुटवर डायोड, त्याचा कॅथोड आउटपुटकडे आणि अॅनोड खाली बॅटरीच्या प्लसला, बॅटरीचा मायनस ग्राउंडला. आता डायोड मनातल्या मनात उपटून बाजूला ठेवा आणि त्याच्या दोन टोकांना किती व्होल्ट येतात ते बघा. अॅनोडला कायम ३, कॅथोडला जे इनपुट असेल ते. सिलिकॉन डायोडला चालू व्हायला साधारण ०.७ लागतात, म्हणजे इनपुट २.३ च्या खाली गेलं की डायोड चालू, आउटपुट तिथंच २.३ ला अडकलं. वरचा भाग १० पर्यंत जसाच्या तसा येतो, कापला जातो तो खालचा! बॅटरी प्लस आहे म्हणून प्लस बाजू कापायची हा नियम कुठंच नाहीये.

अजून एक, सपाट भाग काढताना मुलं बरोब्बर अर्धी सायकल सपाट काढतात. पण साइन २.३ ला १३.३ अंशावर पोचते आणि १६६.७ अंशावर परत खाली येते, म्हणजे टेकडी दिसणार १५३ अंशांची आणि सपाट भाग जवळजवळ २०७ अंशांचा. पेपरात हे दोन कोन लिहिले की आकृती आपोआप बरोबर येते.

आता फक्त सिरीजचा रेझिस्टर काढून तिथं १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका आणि आउटपुटवर ग्राउंडला १०० किलोओहम लावा. झाला क्लॅम्पर. इथं सगळ्यात जास्त घोळ होतो तो शून्यापासून सुरुवात केल्यामुळे, कारण साइन आधी वर जाते म्हणून मुलं पण पॉझिटिव्ह हाफपासूनच गणित मांडतात. तसं करू नका, ज्या हाफमध्ये डायोड चालू होतो तिथून सुरू करा. इनपुट -१० ला असताना डायोडने आउटपुट २.३ ला धरलंय, म्हणजे कपॅसिटरवर १२.३ व्होल्ट साठले, आउटपुटकडची बाजू प्लस. पुढे डायोड बंद आणि कपॅसिटर बॅटरीसारखा:

```
Vout = Vin + 12.3
```

म्हणजे आउटपुट २.३ ते २२.३, आकार तोच, काहीही कापलेलं नाही. उत्तर तपासायचं तर पीक-टू-पीक बघा, क्लॅम्परमध्ये ते २० च राहायला हवं. तुमचं १७ आलं असेल तर तुम्ही क्लॅम्परच्या नावाखाली क्लिपर काढलाय.

हे कधी बिघडतं? लोड रेझिस्टर छोटा घेतला की. १०० किलोओहमला टाइम कॉन्स्टंट ०.१ सेकंद येतो, सायकल १ मिलिसेकंदाची, म्हणजे शंभरपट, काही काळजी नाही. तिथं चुकून १ किलोओहम लागला तर दोन्ही सारखेच होतात, कपॅसिटर प्रत्येक सायकलला रिकामा व्हायला लागतो, मग खालची टोकं सपाट होतात आणि वरचं टोक २२.३ पर्यंत पोचतच नाही. स्क्रीनवर असं दिसलं तर डायोड बदलत बसू नका, आधी रेझिस्टरचे रंग वाचा.

लॅबमध्ये माझी स्वतःची अख्खी दुपार गेली होती ती स्कोपपायी. सर्किट बरोबर, बुधवार पेठेतून दोनदा नवे ४००७ आणले, तरी आउटपुट आपलं शून्याभोवती ±१०. चॅनेल एसी कपलिंगवर होता! एसी कपलिंग डीसीच अडवतं, आणि क्लॅम्परने केलेलं सगळं काम म्हणजे तो डीसीच. आधी चॅनेल ग्राउंडवर घेऊन शून्याची रेघ बसवा, मग डीसी कपलिंग करा, ट्रेस टुणकन वर उडी मारतो.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वापरत असाल तर सवयीने प्लस जनरेटरकडे लावू नका, या सर्किटमध्ये प्लस आउटपुटकडे यायला पाहिजे, आणि त्यावर कायम १२ व्होल्ट असल्यामुळे २५ व्होल्टचाच घ्या. स्कोप मोकळा नसेल तर साध्या मल्टिमीटरनेही कळतं, आउटपुटवर डीसी रेंजला १२.३ च्या आसपास आणि एसी रेंजला ७ च्या आसपास आलं की क्लॅम्पर नीट चाललाय.