वाक्य मोडून नव्हे, बदल पाहून: कथेच्या क्लिप पाडण्याआधीची तयारी

कथा एआय व्हिडिओसाठी तोडायला घेतली की एका वाक्याला एक क्लिप द्यावी असं सहज वाटतं. तसं करू नका. कॅमेऱ्याला वाक्य दिसत नाही, बदल दिसतो: बंद दार उघडलं, हातातली वस्तू खाली गेली, उजेडाचा अंधार झाला. म्हणून प्रॉम्प्ट लिहायला बसण्याआधी उताऱ्यातले हे बदल शोधायचे. समजा उतारा असा आहे: 'पावसात भिजून ती घरी आली. छत्री कोपऱ्यात टेकवली. टेबलावर पाकीट पडलं होतं. अक्षर ओळखीचं होतं. तिने ते फोडलं आणि उभ्यानेच वाचलं. वाचून झालं तरी ती बराच वेळ तशीच होती. मग तिने दिवा मालवला.'

आधी पेन्सिल घेऊन जे दिसू शकत नाही त्याखाली रेघ मारा. 'अक्षर ओळखीचं होतं' हे कुठल्याही चित्रात येणार नाही. इथे तीनच वाटा आहेत: व्हॉइसओव्हर, वाक्य गाळणं, किंवा त्याची कृती करणं. मी तिसरी घेईन. तिचा हात पाकिटाकडे जातो आणि टेकण्याआधी थांबतो. हा निर्णय कागदावरच घ्या. प्रॉम्प्टमध्ये 'तिला अक्षर ओळखीचं वाटतं' असं लिहून तो साधनावर सोपवलात, तर बहुधा भुवया उंचावलेला, नाटकी चेहरा मिळतो.

मग वेळ. बरीच साधनं मनाला येईल ती लांबी देत नाहीत. गूगलच्या व्हिओ 3.1 मध्ये 4, 6 किंवा 8 सेकंद मिळतात, क्लिंगच्या अनेक आवृत्त्यांमध्ये 5 किंवा 10. तुमच्या साधनाच्या ठरलेल्या लांब्या कागदाच्या माथ्यावर लिहून ठेवा. प्रत्येक कृती स्वतः करून पाहा आणि स्टॉपवॉच लावा. छत्री मिटून कोपऱ्यात टेकवायला वाटतो त्याहून जास्त वेळ लागतो. कृती वेळेत मावत नसेल तर साधन ती घाईने उरकतं किंवा मधला भाग गिळतं, आणि छत्री हातातून थेट कोपऱ्यात उगवते. उलट वेळ जास्त आणि कृती थोडी असली, की उरलेले सेकंद भरायला पात्र उगाच मान हलवतं, हसतं, कॅमेऱ्याकडे बघतं. याशिवाय दोन्ही टोकांचा अर्धा अर्धा सेकंद कापून जाणार असं धरून चला, कारण तिथे हालचाल अडखळलेली असते. संवाद असेल तर सावकाश बोलण्याचा वेग सेकंदाला दोन शब्द धरा. 8 सेकंदांच्या क्लिपमध्ये बारा-तेरा शब्दांच्या वर जाऊ नका.

या हिशोबाने आपला उतारा आठ क्लिपचा होतो. दार उघडून ती आत येते, 6 सेकंद. छत्री कोपऱ्यात टेकते, 4. टेबलावरचं बंद पाकीट, 4. थबकलेला हात, 4. वाचणारा चेहरा, 8. लांबून दिसणारी, तशीच उभी असलेली ती, 8. दिव्याच्या बटणावर हात, 4. अंधारी खोली, 4. बेरीज 42, टोकं कापल्यावर 34 सेकंद.

पाकीट फोडणं यात नाही, ते मुद्दाम वगळलं आहे. कागद फाटणं, गाठ सुटणं, बटण लागणं अशा कृतींमध्ये बोटं आणि वस्तू एकमेकांत विरघळतात, आणि दहा वेळा करूनही एखादीच क्लिप धड निघते. असा बदल दोन क्लिपच्या मधल्या कटमध्ये लपवायचा. एका क्लिपच्या शेवटी हात पाकिटावर थबकलेला, पुढच्या क्लिपच्या सुरुवातीला पत्र हातात आणि फाटकं पाकीट टेबलावर. मध्ये कागद फाटल्याचा आवाज टाकला की बघणारा फाडणं पाहिल्याचीच शपथ घेईल. पत्रावरचा मजकूरही साधनाकडून लिहून घेऊ नका. देवनागरी अक्षरांची तर हमखास गिचमीड होते. कागदाची पाठ कॅमेऱ्याकडे ठेवा.

आता कंटिन्युइटी. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण वेगळी बनवलेली प्रत्येक क्लिप कोरी असते आणि आधीच्या क्लिपमध्ये काय होतं हे तिला ठाऊक नसतं. टिपणाचे दोन भाग करा. पहिला न बदलणारा: वय, केसांची लांबी, साडीचा रंग, खोलीतल्या वस्तूंच्या जागा, प्रकाश कुठल्या बाजूने येतो. हा मजकूर एकदाच लिहायचा आणि प्रत्येक प्रॉम्प्टमध्ये जसाच्या तसा चिकटवायचा. एकदा 'गडद निळी' आणि पुढे 'निळसर' लिहिलंत तर साड्या दोन झाल्याच म्हणून समजा. दुसरा भाग बदलणाऱ्या गोष्टींचा, आणि तो प्रत्येक क्लिपच्या सुरुवातीला व शेवटी काय स्थिती आहे अशा जोडीने लिहायचा. चौथ्या क्लिपसाठी तो असा होईल: सुरुवातीला केस ओले, दोन्ही हात रिकामे, छत्री कोपऱ्यात, पाकीट बंद, दिवा चालू, शेवटी उजवा हात पाकिटाच्या वर, बाकी सगळं तेच. एका क्लिपची शेवटची स्थिती पुढचीच्या पहिल्या स्थितीशी जुळली पाहिजे. जुळत नसेल तर मधला बदल कटमध्ये लपवलाय की विसरलाय, हे ठरवा.

स्थिती लिहिताना नकार टाळा. 'हातात छत्री नाही' असं लिहिलं की छत्री हा शब्द आत जातो आणि बरेचदा छत्रीही येते. 'हात रिकामे' पुरे. दिशासुद्धा फ्रेमच्या लिहा, पात्राच्या नव्हे. ती फ्रेमच्या डावीकडून आत येते, टेबल उजवीकडे आहे, तर पाकिटाकडे जाणारा हातही डावीकडूनच यायला हवा. नाहीतर क्लिप एकेकट्या छान दिसतात आणि जोडल्यावर ती दाराकडे परत निघाल्यासारखी वाटते.

आधीच्या क्लिपची शेवटची फ्रेम घेऊन तिच्यावरून पुढची बनवणं सोयीचं असतं, पण अशी माळ दोन-तीन क्लिपच्या पुढे लांबवू नका. दर खेपेला रंग थोडे भडक होतात, चेहरा थोडा गुळगुळीत होतो, आणि पाचव्या क्लिपमधली बाई पहिलीची मावसबहीण वाटू लागते. त्यापेक्षा पात्राचं आणि खोलीचं एकेक मूळ चित्र पक्कं करा आणि प्रत्येक कोनासाठी त्यावरूनच सुरुवातीची फ्रेम बनवा. अंधारी खोली वेगळी मागू नका. उजेडातलं चित्रच काळं करून द्या, म्हणजे सामान जागच्या जागी राहील.

पावसाचा आवाज क्लिपसोबत आला तर तो प्रत्येक कटला बदलेल. तो काढून टाकायचा आणि पावसाचा एकच लांब आवाज सगळ्याखाली पसरायचा, हे आत्ताच लिहून ठेवा. फाइलची नावंही आधीच ठरवा. `S01_C04_T02.mp4` म्हणजे पहिला प्रसंग, चौथी क्लिप, दुसरा प्रयत्न.

क्रेडिट खर्च करण्याआधी शेवटचं काम: आठही सुरुवातीच्या फ्रेम टाइमलाइनवर टोकं कापलेल्या लांबीने मांडा, म्हणजे 6 ची 5, 4 ची 3, आणि सलग बघा. 'बराच वेळ तशीच होती' यासाठी 7 सेकंद ठेवलेत. ते स्थिर चित्रातच कंटाळवाणे वाटले तर क्लिप 6 सेकंदांची मागवा. अपुरे वाटले तर तीच क्लिप ताणू नका, मध्ये खिडकीवरच्या पावसाची 4 सेकंदांची नववी क्लिप घाला. तिच्यात पात्र नसल्याने केस, हात, साडी यातलं काहीच जुळवावं लागणार नाही.