वास न येणारं पेस्ट कंट्रोल आणि दुसऱ्या वर्षीचा करार

या धंद्यात नव्याने येणाऱ्याला मी आधी फक्त स्वयंपाकघरातलं झुरळ शिकायला सांगतो. वाळवी आणि ढेकूण ही वेगळी कामं, त्यांचे दरही वेगळे. घरगुती वार्षिक करार माझ्याकडे तरी मुख्यतः झुरळांवरच चालतात.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. स्वतःच्या नावावर काम घ्यायचं तर कीटकनाशक कायदा, १९६८ खाली परवाना लागतो. त्यासाठी शेतकीची किंवा रसायनशास्त्र घेऊन केलेली विज्ञान शाखेची पदवी आणि ठरवून दिलेल्या संस्थेतलं किमान १५ दिवसांचं प्रशिक्षण हवं. म्हैसूरची सीएफटीआरआय ही त्यातली एक. पदवी नसेल तर परवानाधारकाकडे टेक्निशियन म्हणून लागा. हात तिथेच बसतो.

आता झुरळ. डोक्यामागे दोन काळ्या उभ्या रेघा असलेलं लहान, फिकट तपकिरी झुरळ म्हणजे जर्मन झुरळ. ते घरातच वाढतं. बाथरूममध्ये दिसणारं मोठं लालसर झुरळ बहुधा ड्रेनेजमधून वर येतं. तिथे जाळी आणि पाइपाभोवतीची फट बुजवणं हे खरं काम. दोन्हीला एकच औषध मारणारा माणूस पुढच्या महिन्यात शिव्या खातो.

ठाण्यातल्या एका टू बीएचकेचं उदाहरण घ्या. घरात रांगतं बाळ, म्हणून फवारणी नको अशी अट होती. मी पहिल्या दिवशी औषध काढलंच नाही. सिंकखाली, फ्रिजमागे, शेगडीखालच्या ट्रॉलीमागे आणि वॉटर प्युरिफायरशेजारी असे चार चिकट सापळे लावले. सकाळी फ्रिजमागच्यावर एकवीस झुरळं, ट्रॉलीमागे नऊ, सिंकखाली दोन, प्युरिफायरकडे एकही नाही. फ्रिजमागची बहुतेक पिल्लं होती, म्हणजे वस्ती तिथेच, कॉम्प्रेसरच्या उबेत. सिंकखाली ती नुसती पाण्याला जात होती.

मग आमिषाचं विषारी जेल फ्रिजमागे आणि ट्रॉलीमागेच, मसुराच्या दाण्याएवढे ठिपके, फटींच्या आत आणि बिजागरांच्या मागे. थोड्या जागी मोठे गोळे लावण्यापेक्षा पुष्कळ जागी लहान ठिपके चांगले, कारण पिल्लं फार लांब फिरत नाहीत. जेल खाल्लेलं झुरळ लगेच मरत नाही, दडणीच्या जागी परत जातं. त्याची विष्ठा आणि मढं खाऊन इतरही मरतात. जेलही विषच आहे, ‘हर्बल आहे हो’ असं सांगून दिशाभूल करू नका. डब्यावरचा, विष किती जहाल ते सांगणारा रंगीत त्रिकोण गिऱ्हाइकाला दाखवा, आणि औषध बाळाच्या हाताला लागणार नाही अशा फटीतच का ठेवलंय ते समजावा.

मादी अंड्यांची कुपी पोटाशी धरून हिंडते, एका कुपीत तीसेक अंडी. मादी मेली तरी पिकलेली कुपी फुटू शकते. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी दुसरी भेट हवीच, आणि ती करारात आधीच लिहायची. त्या घरी दुसऱ्या भेटीत फ्रिजमागे तीन पिल्लं उरली होती, पण ट्रॉलीमागे अजून सात. जेल जिथल्या तिथे, जराही खाल्लेलं नाही. विचारलं तर काकू म्हणाल्या, “अहो, तुमच्या औषधाला वासच नव्हता, म्हणून मी वरून स्प्रे मारला.” स्प्रेचा अंश बसलेल्या जेलला झुरळ तोंड लावत नाही. जुनं पुसून नवीन लावलं. स्प्रे मारलेला नसताना ताजं जेलही तसंच पडून राहिलं, तर मात्र वेगळ्या आमिषाचं जेल आणा. काही जर्मन झुरळांना ग्लुकोजचीच नावड झालेली असते.

तेव्हापासून मी निघताना बजावतो: आठवडाभर मेलेली, झिंगलेली झुरळं दिवसाही दिसतील, स्प्रे मारायचा नाही, आणि धुणंभांडं करणाऱ्या ताईंना फटी पुसू नका म्हणून सांगा.

करार टिकतो तो सापळ्यांच्या आकड्यांवर. प्रत्येक भेटीचे आकडे एका कार्डावर लिहून मी ते ट्रॉलीच्या दाराला आतून चिकटवतो. वर्ष संपताना हमखास ऐकू येतं, “झुरळंच नाहीत, आता कशाला?” तेव्हा वाद घालत नाही, सापळे लावतो. त्या ठाण्याच्या घरी फ्रिजमागे शून्य होतं, पण डक्टकडच्या खिडकीशी दोन पूर्ण वाढलेली जर्मन झुरळं सापडली; पिल्लू एकही नाही. म्हणजे ती शेजारच्या घरातून आली. काकूंनी करार वाढवला आणि शेजारणीलाही बोलावून घेतलं. सगळे सापळे रिकामे निघाले, तर मी पुढच्या वर्षी भेटी कमी करून दरही उतरवतो.

करारात काय नाही तेही स्पष्ट लिहा: वाळवी, ढेकूण, शिवाय शाफ्टमधून येणारी झुरळं. शाफ्टचं काम सोसायटीचं, आणि ते न करता एका फ्लॅटला कायमची हमी कोणी देऊ शकत नाही. मधल्या तक्रारीला मात्र फुकट जायचं, आणि गेल्यावर आधी सापळा लावायचा.