जिनिंगवर निघण्याआधी: फायबर लिंक डाऊनची तयारी

कापसाचा हंगाम लागला की हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंगमधून फोन येतोच, "दादा, काट्यावरचा हिरवा लाईट लागूनच नाही राहिला." ऑफिसातला स्विच आणि ४०० मीटरवरच्या वजनकाट्याचा स्विच, मध्ये फायबर. लिंक बंद म्हणजे गाड्यांची रांग फाटकाबाहेर. विसरलेली वस्तू तिथे मिळत नाही, म्हणून पिशवी घरीच भरा.

निघण्याआधी दोन्ही टोकांच्या एसएफपी मॉड्यूलच्या लेबलांचे फोटो मागवा. एकीकडे ८५० आणि दुसरीकडे १३१० नॅनोमीटर असेल तर जोडी चुकलेली आहे. एकाच कोरवर चालणारी मॉड्यूल असतील तर उलट पाहायचं: एकाचं Tx १३१० आणि Rx १५५० असेल, तर दुसऱ्याचं Tx १५५० आणि Rx १३१० हवं. पिवळी केबल म्हणजे सिंगल मोड, तिला १३१० ची जोडी. त्याच वेगाची दोन मॉड्यूल सोबत ठेवाच.

तिथे पोचल्यावर काहीही उपसण्याआधी दोन्ही स्विचवर प्रकाशाची पातळी वाचा. सिस्कोच्या स्विचवर:

```
show interfaces transceiver
```

एवढ्या अंतरावर केबलमध्ये प्रकाश फारसा घटत नाही. Tx उणे ६ dBm असेल तर समोरचं Rx उणे ७-८ च्या आसपास यायला हवं. गेल्या हंगामात ऑफिसचं Rx उणे ८ होतं, काट्याचं उणे २३. एकाच दिशेला प्रकाश कमी, म्हणजे बहुधा त्याच कोरच्या टोकांवर घाण. या मॉड्यूलची मर्यादा साधारण उणे १९, त्यामुळे लिंक दोन्हीकडे बंद.

कनेक्टर काढला तर टोकावर सरकीचा पांढरा तंतू चिकटलेला. प्रकाश जातो ती वाट जेमतेम ९ मायक्रॉनची, तिथे एवढंही पुरतं. म्हणून एलसी कनेक्टरसाठी क्लीनर पेन, तंतू न सोडणारे वाइप आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. आधी कोरडं पुसा, गरज पडली तर ओलं आणि लगेच पुन्हा कोरडं. शर्टाला पुसू नका, फुंकर मारू नका. मॉड्यूलचं तोंड आणि टर्मिनेशन बॉक्समधला अडॅप्टरही पेननेच साफ करा, नाहीतर पुसलेलं टोक लावताक्षणी परत माखतं. साफ केल्यावर Rx उणे ८ वर आलं आणि दिवा लागला.

दोन्हीकडे Tx ठीक, पण दोन्हीकडे Rx उणे ४०, म्हणजे प्रकाशच नाही, असं असेल तर आधी विचारा की पेटी कुणी हलवली का. पॅच कॉर्ड परत लावताना Tx समोर Tx येतो. क्लिप सोडवून दोन एलसी आपसात बदला, मात्र एकाच टोकाला. दोन्हीकडे बदलले की घोळ जसाच्या तसा राहतो. तरीही Rx हललं नाही तर केबल तुटलेली असू शकते. दोन्ही टोकं मॉड्यूलमधून काढून लाल प्रकाशाचा पेन एकेका कोरमध्ये लावा आणि दुसरीकडे कागदावर लाल ठिपका पडतो का ते पाहा. टोकात डोळा घालून कधीच पाहू नका, १३१० चा प्रकाश दिसत नाही पण डोळा मात्र दुखावू शकतो.