नऊशे कलमांची एक बाग आणि माझा ०.९६

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टला मी हापूसचा विषय घेतला, कारण घर देवगड साइडला, काका बागायतदार, डेटा मिळायला त्रास नाही असं वाटलं. प्रश्न साधा ठेवला होता: ज्याची बाग मोठी त्याला पेटीमागे दर जास्त मिळतो का? आठ बागायतदारांकडून कलमं किती आणि सीझनच्या सुरुवातीला पेटीला सरासरी दर किती पडला एवढंच विचारलं. खरे आकडे इथे देत नाही, लोकांचे आहेत, पण त्याच धाटणीचे सोपे करून देतोय म्हणजे कॅल्क्युलेटर घेऊन तुम्हालाही करून बघता येईल.

```python
from scipy.stats import pearsonr, spearmanr
kalame = [40, 55, 60, 75, 80, 110, 130, 900]
dar = [2400, 2900, 2200, 2600, 2300, 2800, 2500, 5000]
print(pearsonr(kalame, dar))
print(spearmanr(kalame, dar))
```

पिअरसन, म्हणजे दोन गोष्टी सरळ रेषेत किती जुळून चालतात ते सांगणारा −१ ते १ मधला आकडा, आला ०.९६ आणि पी व्हॅल्यू, म्हणजे संबंध नसताना निव्वळ योगायोगाने एवढा मोठा आकडा यायची शक्यता, ०.००१ च्याही खाली. मी जाम खूष, लगेच "कलमांची संख्या आणि दर यांच्यात अत्यंत घट्ट संबंध" असं वाक्य टाइप करून मोकळा झालो, स्पिअरमनच्या ओळीकडे बघितलंच नाही. रात्री जेवताना काकांना सांगितलं तर ते हसायलाच लागले, म्हणाले, "अरे, नवशे कलमांचो तो एकटोच, त्याका आमच्यात कित्याक मोजतंस? त्याचो माल वाशीक जातच नाय, थेट गिऱ्हायकाक जाता."

दुसऱ्या दिवशी कॉलेजात मॅडमनी पण आकडा न बघता पहिलं हेच विचारलं की स्कॅटर प्लॉट कुठाय. काढला तर डाव्या कोपऱ्यात खाली सात ठिपक्यांचा पुंजका, त्यात काही दिशा म्हणून नाही, आणि वर उजव्या टोकाला एक ठिपका एकटाच. पुंजका आणि तो ठिपका जोडला की झाली सरळ रेष, म्हणजे माझा ०.९६ हा खरं तर दोनच ठिकाणांमधून ओढलेल्या रेषेचा आकडा होता. ती बाग काढून सात बागांवर परत चालवलं तर पिअरसन ०.१८. एका माणसाच्या असण्या-नसण्याने ०.९६ चा ०.१८ होत असेल तर तो आकडा आठ जणांबद्दल काय सांगणार, कप्पाळ?

असं का होतं ते कळायला फॉर्म्युला पाठ असायची गरज नाही. पिअरसन प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब आहे ते बघतो आणि दोन्ही बाजूची लांबी गुणतो. इथे कलमांची सरासरी १८१ येते, जी मुळात कुणाचीच नाही, सात जण तिच्या खाली आणि एकजण तिच्यापासून सातशेवर लांब. ती सातशेची लांबी दराच्या लांबीशी गुणली गेली की बाकी सातांचे गुणाकार त्याच्यापुढे चिल्लर. अ‍ॅन्सकोम नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये चार छोटे डेटासेट मुद्दाम असे बनवले होते की चारही ठिकाणी पिअरसन ०.८१६ च्या आसपास यावा, आणि त्यातल्या एकात सगळा खेळ एकाच ठिपक्याचा आहे. गूगलवर त्याची चित्रं बघा, पाच मिनिटं लागतात.

आता स्पिअरमन. तो काय करतो, आकडे फेकून देतो आणि नंबर ठेवतो, शाळेतल्या पहिला-दुसरा नंबरसारखा. ४० कलमं म्हणजे १, ५५ म्हणजे २, असं करत ९०० म्हणजे ८. ती बाग ९०० ची असो, १४० ची असो की नऊ हजारची, तिचा नंबर ८ च. दरांचे नंबर त्याच क्रमाने लावले तर ३, ७, १, ५, २, ६, ४, ८ असे येतात. आता प्रत्येक बागेच्या दोन नंबरांतला फरक घ्या, वर्ग करा: ४, २५, ४, १, ९, ०, ९, ०, बेरीज ५२. मग

```
1 - 6*52 / (8*(64-1)) = 1 - 312/504 = 0.38
```

म्हणजे ०.९६ च्या जागी ०.३८, आणि आठ जोड्या असताना ५ टक्के पातळीवर सिग्निफिकंट म्हणायला टेबलमध्ये ०.७३८ लागतो, आपण त्याच्या निम्म्यावर.

पण इथे एक गोष्ट सांगतो जी मला कुणी सांगितली नव्हती. स्पिअरमन म्हणजे काही कवच नाही. मोठी बाग काढून सातांवर स्पिअरमन काढला तर ०.०७ येतो, म्हणजे ०.३८ सुद्धा बऱ्यापैकी त्या एकाच्याच जिवावर होता, दोन्हीकडे शेवटचा नंबर त्याचा म्हणून. आठ जणांत एकाचं वजन रँक लावूनही राहतंच, ऐंशी असते तर नसतं जाणवलं. आणि हो, असा ठिपका दिसला की लगेच डिलीट मारू नका. आधी ९० चं ९०० टाइप झालंय का ते वहीत बघा (माझ्या मित्राचं तसंच निघालं होतं), आकडा खरा असेल तर ठेवून एकदा आणि काढून एकदा, दोन्ही लिहा, आणि तो वेगळा का आहे तेही लिहा. माझ्या केसमध्ये कारण काकांनी जेवताना सांगितलंच होतं, विकण्याची पद्धतच वेगळी.

दुसरा गैरसमज, जो वर्गात निम्म्या पोरांना होता: "डेटा नॉर्मल नाही, मग स्पिअरमन". इतकं सरळ नाहीये ते. खरा प्रश्न असा की तुम्हाला विचारायचंय काय. पिअरसन विचारतो, एक वाढलं की दुसरं त्याच प्रमाणात, सरळ रेषेत वाढतं का. स्पिअरमन विचारतो, एक वाढलं की दुसरं वाढतं का, बस, कितीने ते जाऊ दे. सीझनमधले पेटीचे दर घ्या, आठवड्यागणिक समजा ८०००, ५०००, ३५००, २८००, २५००, २३००. दर प्रत्येक आठवड्याला उतरतोच आहे, त्यामुळे स्पिअरमन बरोबर −१. पिअरसन मात्र −०.९०, कारण आधी धाडकन आणि नंतर हळूहळू उतरतोय, रेष वाकडी आहे. दोन्ही आकडे बरोबरच आहेत, प्रश्न वेगळे आहेत. आकडे एका बाजूला लांब शेपटी असलेले असतील, म्हणजे कलमं, उत्पन्न, मासळीची पकड वगैरे, तर लॉग घेऊन पिअरसन काढणं हाही एक मार्ग आहे, पण मग संबंध पटीत वाचायचा हे लक्षात ठेवा. आणि संबंध आधी वर जाऊन मग खाली येत असेल तर दोघेही शून्याजवळ दाखवू शकतात, तिथे प्लॉटशिवाय तुम्हाला कळणारच नाही.

आता साका. प्रोजेक्टचा दुसरा भाग होता फळाचं वजन आणि आतला साका, म्हणजे गरात होणारा पांढरट खराब भाग, कारण मोठ्या फळात साका जास्त निघतो अशी बागायतदारांची तक्रार. साका मोजायला मशीन नाही, फळ कापायचं आणि बघून ठरवायचं: नाही ०, थोडा १, मध्यम २, जास्त ३. हे ऑर्डिनल. क्रम आहे, पण "नाही" ते "थोडा" आणि "मध्यम" ते "जास्त" यातलं अंतर सारखं आहे असं कोण म्हणतो? मीच ठरवलेले आकडे ते. एक टेस्ट करून बघा. सहा फळं, २०० ते ३०० ग्रॅम, वीस-वीसने चढत, साका ०, ०, १, ०, २, ३. पिअरसन ०.८५. आता "जास्त"चा कोड ३ ऐवजी १० करा, क्रम तोच, फळं तीच. पिअरसन ०.७५ झाला! आपण नाव बदललं म्हणून संबंध बदलला, हे कसं चालेल. स्पिअरमन दोन्ही वेळा ०.८२ च राहतो. ऑर्डिनलला रँक का वापरायचा याचं याच्याहून सोपं कारण मला तरी माहीत नाही.

इथे एक खड्डा आहे, तीन फळांना ० आहे, मग पहिला नंबर कुणाला? कुणालाच नाही, १, २, ३ या तीन जागांची सरासरी म्हणजे २ तिघांनाही द्यायची. आणि असे टाय असले की वरचा ६ गुणिले वाला शॉर्टकट बरोबर उत्तर देत नाही, इथे तो ०.८३ देतो, खरं ०.८२. फरक किरकोळ वाटतोय, पण साठ फळांपैकी चाळीसांना ० असेल तर चांगलाच वाढतो. त्यामुळे हाताने करायचं तर रँक लावा आणि त्या रँकांवर सरळ पिअरसनचा फॉर्म्युला चालवा, स्पिअरमन म्हणजे शेवटी तेच आहे. `spearmanr` आतून हेच करतं. टाय खूपच असतील तर केंडॉलचा टाऊ-बी बघा, तोही क्रमावरच चालतो, फक्त तो साधारण स्पिअरमनपेक्षा छोटा आकडा देतो, म्हणून दोघांची तुलना करून "संबंध कमी झाला" असं लिहू नका. माझी एक मैत्रीण मालवणात पर्यटकांचे १ ते ५ रेटिंगचे फॉर्म भरून घेत होती, सगळ्यांनी ४ नाहीतर ५ दिलं, कशाशीच काही संबंध निघेना. उत्तरांत फरकच नसेल तर कुठलाही कोइफिशंट काय पकडणार.

राहिलं आकडा वाचणं. कोहेनच्या १९८८ च्या पट्टीत ०.१ छोटा, ०.३ मध्यम, ०.५ मोठा. दुसऱ्या पुस्तकात ०.७ च्या खाली कुणाला "स्ट्राँग" म्हणतच नाहीत. दोन्ही पट्ट्या सोयीसाठी बनवलेल्या, विषयावर अवलंबून. माणसांच्या मतांत ०.४ चांगला, पण दोन वजनकाट्यांच्या रीडिंगमध्ये ०.९ सुद्धा वाईट. पिअरसनचा वर्ग करून वाचायची सवय लावा, ०.१८ चा वर्ग सुमारे ०.०३, म्हणजे दरातल्या चढउताराचा ३ टक्के भागच सरळ रेषेने कलमांशी जुळतो, मग "कमकुवत पण संबंध आहे" लिहायची हिंमत होत नाही. स्पिअरमनचा वर्ग असा दरावर वाचता येत नाही, तो रँकांचा असतो. आणि पी व्हॅल्यू म्हणजे ताकद नव्हे, चारशे जोड्या असतील तर ०.१ सुद्धा सिग्निफिकंट येतो.

शेवटी रिपोर्टमध्ये मी लिहिलं ते असं: आठ बागांमध्ये स्पिअरमन ०.३८, सिग्निफिकंट नाही, थेट विक्री करणारी एक मोठी बाग वगळल्यास ०.०७, त्यामुळे बागेच्या आकाराचा दराशी संबंध या डेटावरून दाखवता येत नाही. व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, मग एवढं करून मिळालं काय? मी स्कॅटर प्लॉटचं पान उघडून वरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, सर, कलमांच्या ऐवजी विकण्याची पद्धत विचारायला हवी होती.