कोर्टातला दावा ताळेबंदात घ्यायचा की फक्त टिपेत: 31 मार्चला निर्णय कसा करावा

वर्षअखेरीला कंपनीवरचे दावे आणि करमागण्या यांची यादी समोर आली की हमखास मिळणारा सल्ला असा असतो: ‘शंका असेल तर तरतूद करून टाका, सावध राहिलेले बरे.’ हा सल्ला चुकीचा आहे. जास्तीची तरतूद यंदाचा नफा दाबते, आणि पुढल्या वर्षी ती उलटवली की तोच नफा कर्तबगारीच्या रूपाने परत येतो. तरतुदी आणि संभाव्य देण्यांविषयीचे लेखामानक इंड एएस 37 याला परवानगी देत नाही, आणि लहान कंपन्यांना लागू असलेले एएस 29 सुद्धा देत नाही.

पंप बनवणारी एक कंपनी उदाहरणादाखल घेऊ. तिला इंड एएस लागू आहे आणि 31 मार्च 2025 रोजी तिच्यासमोर तीन प्रकरणे आहेत. जानेवारीत पंप फुटून नुकसान झाले म्हणून एका ग्राहकाने 40 लाखांचा दावा लावला आहे. जीएसटी खात्याने 60 लाखांच्या कराची मागणी केली आहे. शिवाय निकृष्ट कास्टिंग दिल्याबद्दल कंपनीने स्वतः एका पुरवठादारावर 12 लाखांचा दावा ठोकला आहे.

पहिली पायरी म्हणजे प्रत्येक प्रकरणात घटना 31 मार्चपूर्वी घडून गेली आहे का, हे पाहणे. पंप जानेवारीत फुटला, म्हणजे घडून गेली. याउलट भट्टीचे अस्तर दोन वर्षांनी बदलावे लागणार आहे, हे कितीही निश्चित असले तरी त्याची आज तरतूद होत नाही, कारण भट्टी बंद करून किंवा विकून कंपनी तो खर्च टाळू शकते.

दुसरी पायरी म्हणजे पैसे जाण्याची शक्यता ठरवणे, आणि सगळी माती होते ती इथेच. इंड एएस 37 च्या भाषेत ‘संभवनीय’ म्हणजे न जाण्यापेक्षा जाण्याची शक्यता अधिक, म्हणजे पन्नास टक्क्यांच्या वर. पैसे जाणे संभवनीय असेल आणि रकमेचा विश्वासार्ह अंदाज करता येत असेल, तर तरतूद करून ती खात्यात नोंदवायची. शक्यता त्याहून कमी पण दखल घेण्याजोगी असेल, तर ते संभाव्य देणे, ज्याला आपण ऑफिसात कंटिंजंट लायबिलिटी म्हणतो. ते केवळ टिपेत दाखवायचे. शक्यता अगदीच दूरची असेल, तर टिपेतही लिहायची गरज नाही.

सुरुवातीच्या वर्षांत एका प्रकरणात वकिलांनी हरण्याची शक्यता तीस टक्के सांगितली, तेव्हा मी दाव्याच्या रकमेला 30 टक्क्यांनी गुणून तरतूद केली आणि हिशोब नेमका झाला म्हणून खूश झालो. ऑडिटरांनी ती ओळ खोडली आणि विचारले, ‘या दाव्यात तीस टक्के रक्कम देण्याचा निकाल लागणार आहे का?’ दावा एकच होता, आणि त्यात एक तर पूर्ण रक्कम जाणार होती किंवा काहीच जाणार नव्हते. सरासरी रक्कम जाण्याची शक्यताच नव्हती. शक्यता निम्म्याखाली होती, म्हणून तरतूद शून्य आणि टिपेत पूर्ण रक्कम, एवढेच करायला हवे होते. शक्यता निम्म्यावर असती, तर सर्वांत अधिक संभवणारी रक्कम पूर्णपणे घ्यावी लागली असती. सरासरीचे गणित शोभते ते वॉरंटीसारख्या मोठ्या संख्येच्या बाबतीत. विकलेल्या 2,000 पंपांपैकी अनुभवाने 160 पंपांना 500 रुपयांची आणि 40 पंपांना 4,000 रुपयांची दुरुस्ती लागत असेल, तर 80,000 आणि 1,60,000 मिळून 2,40,000 रुपयांची तरतूद योग्य ठरते.

वकिलांच्या पत्रावर विसंबताना मी आता एक नियम पाळतो. ‘आमची बाजू भक्कम आहे’ असे पत्र मी परत पाठवतो, कारण त्यावर कोणतीच नोंद करता येत नाही. हरण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे की कमी, हरलो तर कोणती रक्कम सर्वांत अधिक संभवते, आणि मागणीचा कोणता भाग आपल्याला मुळातच मान्य आहे, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तरावर तारीख घ्यावी. तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात.

जीएसटीच्या प्रकरणात तोच प्रश्न कामी येतो. तपासून पाहिल्यावर 60 लाखांपैकी 7 लाखांचे इनपुट क्रेडिट खरोखरच दोनदा घेतले गेल्याचे आढळते. तेवढे व्याजासह खात्यात घ्यावेच लागते. उरलेल्या 53 लाखांत खात्याची बाजू टिकण्याची शक्यता निम्म्याखाली आहे असे वकील लिहितात, म्हणून ते टिपेत जातात. संपूर्ण 60 लाख टिपेत ढकलणे ही लपवाछपवी आहे आणि संपूर्ण 60 लाखांची तरतूद हा भित्रेपणा आहे. पहिल्या अपिलासाठी मान्य कर पूर्ण आणि वादग्रस्त कराच्या 10 टक्के, म्हणजे 5.30 लाख, भरावे लागतात. हे 5.30 लाख खर्चात टाकलेले मी अनेक ताळेबंदांत पाहिले आहेत. ती जमा रक्कम आहे आणि ती मालमत्तेच्या बाजूलाच राहिली पाहिजे, कारण अपिलासाठी पैसे भरणे म्हणजे मागणी कबूल करणे नव्हे.

ग्राहकाच्या दाव्यात वकिलांच्या मते हरण्याचीच शक्यता अधिक आहे आणि 25 लाख ही सर्वांत अधिक संभवणारी रक्कम आहे. तेवढी तरतूद करावी. उरलेले 15 लाख जाण्याची शक्यता अगदीच दूरची नसेल, तर ते टिपेत द्यावेत. विमा कंपनीकडून 18 लाख मिळणार म्हणून तरतूद 7 लाखांवर आणण्याचा मोह टाळावा. विमा कंपनीने दावा लेखी मान्य केला असून रक्कम मिळणे जवळपास निश्चित असेल, तर ताळेबंदात 25 लाखांचे देणे आणि 18 लाखांचे येणे वेगवेगळे दाखवावे लागते. नफा-तोटा पत्रकात मात्र निव्वळ 7 लाख दाखवता येतात. मान्यतापत्र हाती नसेल, तर 18 लाख विसरावेत.

मग खाती मंजूर होण्यापूर्वी काय घडले ते पाहावे. समजा 20 मे रोजी न्यायालयाने 32 लाखांचा निकाल दिला आणि संचालक मंडळाने खाती 28 मे रोजी मंजूर केली, तर 31 मार्चची तरतूद 32 लाखांची करावी लागते. वकिलांचे जुने पत्र फाइलमध्ये आहे म्हणून 25 लाखांवर अडून राहता येत नाही.

पुरवठादाराकडून येणारे 12 लाख ही संभाव्य मालमत्ता आहे, आणि इथे तराजू मुद्दाम झुकवलेला आहे. देण्यासाठी निम्म्याहून जास्त शक्यता पुरते, पण येणे खात्यात घेण्यासाठी ते मिळणे जवळपास निश्चित असावे लागते. शक्यता निम्म्याहून अधिक एवढीच असेल, तर इंड एएस 37 नुसार ते फक्त टिपेत लिहायचे. एएस 29 पाळणाऱ्या कंपनीने ते वित्तीय विवरणांच्या टिपेतही लिहू नये. सांगायचेच असेल तर संचालक मंडळाच्या अहवालात सांगावे.